सिलिंडर गाडीच्या पोटात नको, बाहेर हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांच्या गाड्यांवरून सिलिंडर जप्त केल्याची बातमी आणि सोबतचा टेम्पोचा फोटो आपल्या अंकात पाहिला. मी गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो, आता निवृत्त आहे. त्यामुळे माझी नजर आधी सिलिंडरांच्या तोंडाकडे गेली. एकमेकांवर आडवे टाकलेले सिलिंडर, आणि फोटोत दिसणाऱ्यांपैकी एकाच्याही व्हॉल्व्हवर सेफ्टी कॅप नाही. धोका हटवायला निघालेला टेम्पोच धोका घेऊन भर बाजारातून चालला होता. पण हे पत्र टेम्पोबद्दल नाही. जप्तीच्या भीतीने गाडीवाले सिलिंडर कुठे ठेवतात आणि त्याने काय होतं, एवढंच सांगायचं आहे.

पूर्वी सिलिंडर गाडीच्या शेजारी उघडा दिसायचा. आता तो गाडीच्या पोटात गेला आहे. वर शेगडी, खाली तिन्ही बाजूंनी पत्रा ठोकलेला कप्पा, पुढून निळी ताडपत्री किंवा जुन्या बॅनरचा पडदा. त्याच कप्प्यात कांद्याची गोणी, तेलाचे डबे, कागदी प्लेटांचे गठ्ठे. पालिकेच्या माणसाला सिलिंडर दिसत नाही म्हणून मालक खूश असतो.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, साधारण दीडपट ते दुप्पट. गळला तर वर जाऊन विरत नाही, पाण्यासारखा खाली बसतो आणि उताराकडे सरकतो. सिलिंडर उघड्यावर असेल तर वाऱ्याने बराचसा पांगतो. पत्र्याच्या कप्प्यात मात्र तळाला साचतो, ताडपत्रीखालून बाहेर पडतो आणि गटाराच्या जाळीतून आत शिरतो. हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला की ती हवा पेट घेऊ शकते. हिशेब करायचा तर एक किलो गॅस दहा बाय आठ फुटांची, दहा फूट उंचीची अख्खी खोली पेटती करायला पुरतो. व्यावसायिक सिलिंडरमध्ये असा गॅस एकोणीस किलो असतो. ठिणगी त्याच गाडीवर पडायला हवी असंही नाही. चार गाड्या सोडून पलीकडे डोशाचा तवा पेटलेला असतोच. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये कुर्ल्यातल्या एका उपाहारगृहात सिलिंडरच्या गळतीतून लागलेल्या आगीत आठ जण गेले. साचलेला गॅस काय करतो, हे या शहराने तेव्हा पाहिलं आहे.

गॅसला वास असतो, तो येईलच की, असं गाडीवाले म्हणतात. गळती लवकर कळावी म्हणूनच तो वास मुद्दाम घातलेला असतो आणि हवा पेटण्याजोगी होण्याच्या बरीच आधी तो नाकाला कळायला हवा. घरात कळतोही. पण चायनीजच्या गाडीवर लसूण-मिरची जळत असते, खाली गटार असतं, आणि सहा तास तिथेच उभ्या असलेल्या माणसाचं नाक मेलेलं असतं. वासावर विसंबून राहण्याची ती जागा नव्हे.

याच चायनीजच्या गाडीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मला सर्वांत जास्त काळजी तिची वाटते. घरच्या शेगडीला ठरावीक कमी दाबाचा रेग्युलेटर असतो. चायनीजवाल्याला भणभणणारी ज्योत लागते, म्हणून तो पिळून दाब वाढवता येणारा हाय प्रेशरचा रेग्युलेटर लावतो. दाब घरच्यापेक्षा तीसेक पट चढू शकतो. म्हणजे नळीला सुईएवढं भोक पडलं तर घरी जेवढा गॅस गळेल, त्याच्या पाचेक पट इथे गळतो. एवढ्या दाबाला तारेची जाळी असलेली, त्या दाबासाठीच बनवलेली नळी लागते. प्रत्यक्षात मला दिसते ती बाजारात मीटरवर मिळणारी साधी रबरी नळी, टोकाला क्लिपऐवजी पिळलेली बाइंडिंग वायर. वायर रबरात रुतते आणि नळी नेमकी तिथेच चिरते.

त्यात पळापळ. "गाडी आली रे!" अशी हाक आली की रांगेतल्या सगळ्या हातगाड्या गल्लीत वळतात. मी आमच्या भागातल्या बाजाराच्या तोंडाशी हे कितीदा पाहिलं आहे. कढईत उकळतं तेल, भट्टी पेटलेली, पोरगा एका हाताने कढईचा कान फडक्याने धरून दुसऱ्या हाताने गाडी ढकलतोय. रेग्युलेटर बंद करायचा तर वाकून ताडपत्रीत हात घालावा लागतो, तेवढा वेळ कोणाला? खड्ड्यात चाक आपटलं की कप्प्यातला सिलिंडर डुलतो आणि हिसका बसतो तो नळीला. एकदा माझ्यासमोर भट्टीकडच्या टोकाची नळी सुटली. त्या हिसक्याने ज्योत विझली होती आणि पोरगा हुशार निघाला, त्याने धावत्या गाडीतच रेग्युलेटर पिळून बंद केला. बाजूची भट्टी तेव्हा पेटलेली असती तर मी आज निराळं पत्र लिहीत असतो.

आणखी एक गोष्ट फक्त मोठ्या भट्ट्यांवर दिसते. गॅस जोरात ओढला की सिलिंडर आतून गार पडतो, बाहेर दव धरतं, कधी पांढरा बर्फही. मग दाब पडतो आणि ज्योत मंदावते. सिलिंडर संपत आला की हे हमखास. ऐन गर्दीत ज्योत मंदावली की पोरं सिलिंडर तिरका करतात, काही सरळ आडवाच पाडतात. उभ्या सिलिंडरमध्ये खाली द्रव आणि वर वायू असतो, तोंडाशी वायूच येतो. आडवा केला की द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो. एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो. भट्टीतून ज्योत नव्हे, मग लोळ बाहेर येतो. काही जण सिलिंडरखाली उकळतं पाणी ओततात, एकाने तर जळता कागद धरलेला मी पाहिला आहे. दव धरलं की समजावं, भट्टी सिलिंडरच्या ताकदीपेक्षा मोठी आहे. भट्टी लहान करावी, नाहीतर सिलिंडर बदलावा. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर तर अशी भट्टी लावूच नये. तो चहाला, वड्याला ठीक. ओळखपत्र दाखवून एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर तो रीतसर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. तरी लोक घरगुती सिलिंडरमधून चोरून भरलेले डबडे सिलिंडर घेतात, त्याला मी काय म्हणू!

रॉकेलच्या स्टोव्हबद्दल थोडक्यात. रेशनचं रॉकेल आटल्यापासून ते स्टोव्ह कमी झाले आहेत. जे उरलेत त्यांचा घात बहुधा एकाच क्षणी होतो, गरम टाकीत रॉकेल ओतताना. टाकी तापलेली असली की ओतता ओतता वाफ होते आणि वातीपर्यंत पोचते. काळ्या बाजारातल्या रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळलेलं असेल तर तेवढंही तापावं लागत नाही. स्टोव्ह विझवून टाकी हाताला गार लागेपर्यंत थांबावं. तोवर चार गिऱ्हाईकं गेली तर जाऊ द्यावीत.

सिलिंडर बदलण्याची वेळही अशीच नाजूक असते. संध्याकाळी सात-साडेसातला, रांग लागलेली असताना तो संपतो. रेग्युलेटर काढण्याआधी आपली भट्टी विझवायलाच हवी, पण शेजाऱ्याचीही विझवायला हवी, हे कोणी ऐकत नाही. नव्या सिलिंडरची कॅप काढून व्हॉल्व्हच्या तोंडात डोकवावं. आत काळी रबरी रिंग दिसायला हवी. नसेल किंवा चिरलेली असेल तर तो सिलिंडर लावायचा नाही. रेग्युलेटर बसवून चालू केला की जोडाला आणि नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडा फुगत राहिला तर गळती आहे. काडी ओढून तपासणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या भुवया जळालेल्याही. व्हॉल्व्हच गळत असेल तर रेग्युलेटर काढून कॅप घट्ट बसवावी, बहुतेक गळती तिथेच थांबते. ती दोरीने बांधलेली असते ती त्यासाठीच. गाडीवाले ती पहिल्याच दिवशी तोडून टाकतात. मग सिलिंडर मोकळ्या जागी न्यायचा आणि १९०६ ला फोन करायचा, आग असेल तर १०१ ला. नळी पेटली तर आधी रेग्युलेटर बंद. हात पोचत नसेल तर ओलं पोतं पुढे धरून. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही, झाकण ठेवायचं.

यातलं बरंचसं गाडीवाल्याला पाच मिनिटांत शिकवता येतं. पण जोवर सिलिंडर दिसणं हाच गुन्हा आहे, तोवर तो कप्प्यातच राहणार. उघड्यावर अन्न शिजवायला परवानगी नाही, कारवाई होते, दंड भरून सिलिंडर सुटतो, दुसऱ्या दिवशी तो आणखी खोल लपतो. जप्तीला माझा सरसकट विरोध नाही. स्टेशनच्या जिन्याच्या तोंडाशी भट्टी लागली असेल तर ती उचललीच पाहिजे, तिथे कितीही चांगली नळी लावली तरी पळायला जागा नसते. पण बाकीच्या ठिकाणी काय उचलायचं ते बदला. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे आणि त्यात विक्री प्रमाणपत्राला अटी घालता येतात. शिजवणाऱ्या गाडीसाठी त्यात तीन अटी घाला. सिलिंडर गाडीबाहेर, जाळीच्या पिंजऱ्यात, उभा आणि ज्योतीपासून निदान तीन फूट. नळी दाबाला साजेशी, क्लिप लावलेली, चिरली की लगेच आणि नाहीतरी मुदत संपली की बदललेली. आणि दोन शिजवणाऱ्या गाड्यांमध्ये एका माणसाला धावत जाता येईल एवढं अंतर. ज्याचा सिलिंडर पत्र्याच्या कप्प्यात सापडेल, त्याची गाडी उचला. ज्याचा पिंजऱ्यात उभा दिसेल, त्याला हात लावू नका. महिनाभरात ताडपत्र्या आपोआप निघतील.

तपासायला अग्निशमन दलाच्या जवानांचीच गरज नाही. प्रत्येक एजन्सीत मेकॅनिक असतात, माझ्यासारखे निवृत्त झालेलेही आहेत. साबणाचा फेस, टॉर्च आणि रिंगांची पुडी एवढं सामान घेऊन एक माणूस सकाळी अकरा ते एक या वेळात पंधरा-वीस गाड्या तपासू शकेल. फक्त ही तपासणी सकाळीच करावी. संध्याकाळी सातला वर्दीतला माणूस दिसला तर गाडीवाला आधी पळेल, आणि भट्टी पेटलेलीच असेल.

आपला,
एक निवृत्त गॅस मेकॅनिक,
लालबाग, मुंबई