तक्रार: पात्रता तपासणीचा चुकीचा निकाल आणि अपुरी कागदपत्रांची यादी

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: शिष्यवृत्ती छाननीच्या सॉफ्टवेअरमधील दोषांबाबत

महोदय,

आमच्या शिष्यवृत्ती कक्षाने यंदाची छाननी तुमच्या सॉफ्टवेअरवर केली. अर्जदाराचे गुण, कुटुंबाचे उत्पन्न आणि जोडलेले दाखले पाहून त्याने निकाल द्यायचा आणि काय राहिले आहे ते सांगायचे, एवढेच त्याचे काम. दूरध्वनीवर मला उत्तर मिळाले की "नियम तुम्हीच दिले होते". म्हणून हे लेखी.

एका अर्जदार मुलीचे गुण ७२ टक्के, आमची अट ६०. अर्जाला फक्त गुणपत्रिका जोडलेली आणि उत्पन्नाचा रकाना रिकामा. सॉफ्टवेअरने शेरा मारला: "अपात्र. कमी कागदपत्र: उत्पन्नाचा दाखला". तिच्या वडिलांनी दाखला आणून दिला. पुन्हा तपासले तर "अपात्र. कमी कागदपत्र: प्रवेशाची पावती". तीही आली. मग पासबुकाची प्रत. तीन हेलपाटे, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर लाल अक्षरांत "अपात्र". चौथ्या वेळी निकाल आला: "पात्र".

मंजुरीच्या यादीवर सही करण्याआधी मी सवयीने दाखला वाचला. त्यावर उत्पन्न ३,१०,००० होते आणि आमची मर्यादा २,५०,००० आहे. म्हणजे पहिले तीन निकाल वेगळ्या कारणाने चुकीचे आणि चौथा सरळच चुकीचा. वडिलांना समोर बसवून हे मी सांगितले. पहिल्याच दिवशी उत्पन्नाचा आकडा विचारला असता तर त्यांच्या पुढच्या खेपा वाचल्या असत्या.

तुमची नियमांची फाईल आम्हाला उघडता येते. आमच्या संगणक शिक्षकांनी ती पाहिली. मुख्य भाग असा आहे:

```python
income = s.get("income") or 0
if s["marks"] < 60 or income > 250000:
    return "अपात्र", []
for d in REQUIRED:
    if d not in s["docs"]:
        return "अपात्र", [d]
return "पात्र", []
```

पहिली ओळ बघा. रकाना रिकामा असला की उत्पन्न शून्य धरले जाते आणि शून्य तर मर्यादेच्या आतच. दाखला जोडल्याची खूण झाली, तरी त्यावरचा आकडा रकान्यात भरला का, हे कुणी विचारत नाही. ज्या घरात खरोखरच उत्पन्न नाही ते घर आणि ज्याने रकाना सोडून दिला तो अर्जदार, दोघे एकाच तराजूत. आमच्या नियमात "उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचे दाखल्यावरून सिद्ध व्हावे" असे स्पष्ट आहे. सिद्ध न होणे म्हणजे शून्य उत्पन्न नव्हे.

दुसरे, `return` लूपच्या आत आहे. पहिला कागद नाही असे दिसताच तपासणी थांबते आणि पुढचे कागद पाहिलेच जात नाहीत. एकेक कागद मागवण्याचे मूळ इथे आहे. पूर्ण यादी आधी गोळा करून मग निकाल द्यायला एक ओळ पुरते:

```python
missing = [d for d in REQUIRED if d not in s["docs"]]
```

तिसरे, कागद कमी असलेल्याला "अपात्र" म्हणणे. हा शब्द ऐकून काही जण परत येतच नाहीत, हे खिडकीवर बसणाऱ्याला ठाऊक असते. निकाल तीन हवेत. गुण किंवा भरलेले उत्पन्न अटीत बसत नसेल तर "अपात्र", कारणासह. अशा माणसाला उरलेले कागद मागून पळवू नये. कागद कमी किंवा उत्पन्नाचा आकडाच नाही तर "अपूर्ण", संपूर्ण यादीसह. सगळे जुळले तरच "पात्र". (मागच्या वर्षीचा दाखलाही तुमची फाईल चालवून घेते, कारण ती फक्त नाव बघते, तारीख नाही. तेही दुरुस्त करा.)

दुरुस्ती पंधरा दिवसांत हवी. ती आल्यावर आम्ही पाच अर्ज चालवून पाहू: आकडा रिकामा, आकडा शून्य, उत्पन्न नेमके २,५०,००० आणि गुण नेमके ६०, तीन कागद एकदम कमी, आणि वरचा ३,१०,००० चा. मधला "पात्र" यायला हवा, कारण मर्यादा ओलांडलेली नाही. शून्यवाल्यालाही, दाखला जोडलेला असेल तर, "पात्र" हवे. हे पाचही बरोबर येईपर्यंत देखभालीचा हप्ता रोखून ठेवत आहोत.

तोवर रिकाम्या उत्पन्नाचे जेवढे अर्ज "पात्र" ठरले, त्यांची यादी तुमच्याकडच्या नोंदींतून काढून आम्हाला द्या. ते आम्ही हाताने पुन्हा तपासतो आहोत.

आपली,
शिष्यवृत्ती कक्ष प्रमुख