दोन, चार – टाळी मार!

प्रिय सुमे,

तू फोनवर विचारलंस ना की नर्सरीच्या पोरांना दोन-दोनने मोजायला कसं शिकवतेस, तेव्हा वर्गात गोंधळ चालला होता म्हणून नीट सांगता आलं नाही, आता बसून लिहिते.

पहिले चार-पाच दिवस मी दोन-चार-सहा म्हणतच नाही. सरळ एक ते दहाच, फक्त 'एक' कुजबुजत आणि मांडीवर थाप, 'दोन' मोठ्याने आणि टाळी, परत तीन हळू, चार मोठ्याने. ते जमलं की हळू आकडे फक्त ओठांनी, आवाज बंद, पण मांडीवरची थाप चालूच ठेवायची हं, ती सोडली की पोरं टाळ्या पटापट मारत पुढे पळतात आणि मधला आकडा हरवतो. 'चार' आणि 'आठ' तोंडात आखूड पडतात, म्हणून 'चाऽऽर' असं ताणायचं, नाहीतर ठेका घसरतो.

मग हे गाणं, मीच जुळवलंय, हसू नकोस:

दोन, चार – टाळी मार!
सहा, आठ – पाठ ताठ!
आता दहा – गप्प रहा!

टाळी फक्त आकड्यावर. मी आधी 'मार'वर पण टाळी घ्यायचे, मजा यायची, पण मग दहापर्यंत पाचच्या जागी सहा टाळ्या व्हायच्या आणि एक टाळी म्हणजे दोन वस्तू हे गणितच बिघडायचं.

आणि खरी गंमत पुढे. गाणं अगदी घडाघडा म्हणणाऱ्या एका मुलीसमोर मी सात ठोकळे ठेवले, म्हटलं दोन-दोनने मोज. ती म्हणाली दोन, चार, सहा, आठ! शेवटच्या एकट्या ठोकळ्यावर पण तिने टाळी दिली. म्हणजे गाणं पाठ, मोजणं नाही. मग मी तिला दोन-दोन ठोकळे एकत्र सरकवायला लावले, जोडी सरकली की टाळी, उरलेल्या एकट्याला जोडी नाही म्हणून टाळी नाही, फक्त मांडीवर थाप आणि 'सात'. तीनदा केल्यावर चौथ्यांदा तीच हात आवरून थांबली. तू पण आठऐवजी सात किंवा नऊ देऊन बघ, सम संख्येत हे कळतच नाही.

पाचचं त्यामानाने सोपं, कारण पंजा हाताशीच असतो. चार पोरं एका ओळीत उभी करायची, प्रत्येकाने एकेक पंजा वर करायचा, पंजा वर गेला की बाकीच्यांची टाळी: पाच, दहा, पंधरा, वीस. 'पंधरा'ला अडखळतात कारण त्यात पाच ऐकूच येत नाही, तिथे पंजाची बोटं परत मोजून दाखव, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा. दोन-दोनचं मात्र वीसच्या पुढे नेऊ नकोस एवढ्यात, बावीस-चोवीस म्हणताना जीभ अडकते आणि ठेका जातो.

बाकी भेटल्यावर, तुझ्या पोरांनी सातवर काय केलं ते कळव.

तुझीच,
नंदा