‘मी जाते’ म्हणणारा मुलगा आणि माझा एम. ए.चा अर्ज: बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

भाषाविज्ञानाच्या एम. ए.च्या प्रवेशयादीत माझे नाव लागल्याचे मी तुम्हाला फोनवर सांगितले, तेव्हा तुम्ही मनापासून आनंद व्यक्त केलात आणि लगेच पहिल्या सत्राला कोणते विषय आहेत ते विचारलेत. त्या बोलण्यात आभार मानायचे राहूनच गेले. आज ते मुद्दाम उघड पत्रातून मानते आहे. मुलांसाठी काही वर्षे घरी राहिलेल्या आणि आता पुन्हा शिकू पाहणाऱ्या माझ्या काही मैत्रिणी मला विचारत असतात, की त्या वर्षांबद्दल अर्जात नेमके काय लिहिलेस. तुम्ही माझ्याकडून जे करून घेतलेत, तेच त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

माझा पहिला मसुदा तुम्हाला आठवत असेल. २०१७ च्या जानेवारीत मुलगा झाला, मुद्रितशोधनाची नोकरी मी सोडली आणि पुढची सहा वर्षे पूर्णवेळ घरी होते. उद्देशपत्राला आठशे शब्दांची मर्यादा होती आणि मी पहिलेच वाक्य ‘कौटुंबिक जबाबदारीमुळे माझ्या शिक्षणात दुर्दैवाने खंड पडला’ असे लिहिले होते. तुम्ही ‘दुर्दैवाने’खाली रेघ मारून समासात विचारले होते, ‘हे खरे आहे का?’ ते खरे नव्हते, म्हणून मी दुसरा मसुदा नेमका उलट्या टोकाला नेला. संगोपनातून मला संयम, वेळेचे नियोजन, संघभावना आणि संकटकाळी निर्णय घेण्याची क्षमता लाभली, असे त्यात लिहिले. तो वाचून तुम्ही म्हणालात, की यातले प्रत्येक वाक्य कोणत्याही आईला, कोणत्याही विषयाच्या अर्जात जसेच्या तसे लिहिता येईल. म्हणजे वाचणाऱ्याला तुझ्याबद्दल काहीच कळले नाही. त्या दिवशी मला वाईट वाटले होते. पण त्यानंतर तुम्ही जो प्रश्न विचारलात, तो मी आता प्रत्येक मैत्रिणीला विचारते: ‘या सहा वर्षांत एखादी गोष्ट तुला आधी एक वाटत होती आणि लक्ष देऊन पाहिल्यावर वेगळी निघाली, असे कुठे झाले का?’

तेव्हा मी दुधाच्या हिशेबाच्या वहीबद्दल पहिल्यांदा बोलले. मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर, २०१९ च्या फेब्रुवारीपासून, त्या वहीच्या मागच्या पानांवर मी त्याची वाक्ये लिहीत होते. याला कारण एकच होते: तो ‘मी जाते’, ‘मी बसले’, ‘मी येते’ असे बोलायचा. वडील सकाळी आठला बाहेर पडून रात्री तो झोपल्यावर घरी येत. दिवसभर त्याच्या कानावर ‘मी’ने सुरू होणारी वाक्ये पडत ती माझीच. नातेवाईक हसत, कुणी त्याला ‘जातो म्हण’ म्हणून दटावत, आणि मी आपली वाक्य, तारीख आणि तेव्हा खोलीत कोण होते एवढे टिपून ठेवत असे. त्याला मी अभ्यास समजत नव्हते, फक्त ती वाक्ये विसरू नयेत असे वाटत होते.

तुम्ही वही मागवून घेतलीत आणि मला त्यातून चार पानांचे टिपण लिहायला लावलेत. ऑक्टोबर २०२० पर्यंतच्या नोंदींमध्ये ‘मी’ असलेली ६१ वाक्ये निघाली. त्यांतली तब्बल ४४ मी ‘स्त्रीलिंगी’ म्हणून मोजली होती, आणि तिथे माझी मोठी चूक सापडली. ‘मी पोळी खाल्ली’ हे वाक्य मी त्याच्या ‘मुलीसारख्या बोलण्यात’ धरले होते. पण खाल्ली हे रूप पोळीमुळे आले आहे, बोलणाऱ्यामुळे नाही. वडीलही ‘मी पोळी खाल्ली’ असेच म्हणतील. ‘मला झोप आली’मधले आली झोपेचे, आणि ‘मी खाईन’मध्ये तर बोलणारा पुरुष की स्त्री हे कळण्याची सोयच नाही. जन्मभर ही भाषा बोलूनही आणि काही वर्षे मुद्रिते तपासूनही हे मला वहीवर बसून उमगले. बोलणाऱ्याचे लिंग खरोखर दाखवणारी, म्हणजे ‘जाते–जातो’, ‘बसले–बसलो’ अशा प्रकारची वाक्ये वेगळी काढल्यावर ६१ पैकी २७ च उरली. मार्च २०२० अखेरपर्यंतच्या १८ वाक्यांत १६ स्त्रीलिंगी होती. एप्रिल ते ऑक्टोबरच्या नऊ वाक्यांत फक्त एक.

आकडे इतके स्वच्छ पाहून मी लगेच निष्कर्ष लिहून टाकला होता: टाळेबंदीत वडील दिवसभर घरी राहिले, त्यांचे ‘मी जातो’ कानावर पडले आणि मुलाचे बोलणे बदलले. बाई, तुम्ही तो निष्कर्ष खोडला नाहीत. त्या काळात घरात आणखी काय काय बदलले, ते लिहून आण, एवढेच म्हणालात. यादी करताना पहिलीच अडचण सासूबाईंची आली. त्या कोल्हापूरच्या. मार्चच्या सुरुवातीला पंधरा दिवसांसाठी आल्या आणि टाळेबंदीमुळे सप्टेंबरपर्यंत आमच्याकडेच राहिल्या; आणि त्यांच्याकडच्या अनेक बायकांप्रमाणे त्याही ‘मी जातो’, ‘मी आलो’ असेच बोलतात. म्हणजे तो ‘जातो’ वडिलांकडून शिकला की आजीकडून? शिवाय तो सव्वातीन वर्षांचा झाला होता, म्हणजे कदाचित कुणीही घरी नसते तरी ते रूप त्याच सुमारास आले असते. आणि ‘जातो म्हण’ असे दटावणारे एक माणूस घरात वाढले होते, तेही लक्षात घ्यायला हवे.

याच सुमाराची, १७ मे २०२० ची, एक नोंद मी क्षुल्लक समजून टिपणातून वगळली होती. आजी स्वयंपाकघरातून ‘आलो रे बाळा’ म्हणाल्या, तेव्हा हातातली गाडी खाली ठेवून त्याने मला विचारले, ‘आजी मुलगा आहे का?’ तुम्ही त्या ओळीवर बराच वेळ थांबलात. आजीचे रूप त्याने नुसते उचलले असते तर त्याला ते खटकले नसते. त्याला खटकले, म्हणजे ‘आलो’ हे मुलग्यांचे बोलणे आहे असा नियम त्या दिवशी त्याच्या मनात तयार होता. नियम कशामुळे तयार झाला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण तो कोणत्या तारखेपर्यंत तयार झालेला होता, हे मात्र कळते. एवढे म्हणायचे आणि इथेच थांबायचे, हे मी तुमच्याकडून शिकले.

आईच्या नोंदींना कोण विचारतो, असे मी म्हणाले तेव्हा तुम्ही दिलेली दोन उदाहरणे मला फार उपयोगी पडली. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणीच्या नोंदी ३७ वर्षे जपून १८७७ मध्ये एका नियतकालिकात छापल्या, आणि जर्मनीत क्लारा व विल्यम श्टेर्न या दांपत्याने १९०० पासून आपल्या तीन मुलांच्या बोलण्याच्या दैनंदिन्या ठेवल्या. ही उदाहरणे अर्जात मात्र घालू नकोस, असे तुम्ही बजावलेत. तुझी वही त्यांच्या रांगेत बसवायची नाही, पालकाने टिपलेल्या नोंदींचे गुण आणि दोष दोन्ही जुने आहेत एवढेच तुला ठाऊक असावे, हे तुमचे म्हणणे मला पटले.

शेवटी आठशे शब्दांपैकी सुमारे अडीचशे शब्द संगोपनाच्या वर्षांना गेले, आणि त्यातला गाभा असा होता: ‘२०१७ ते २०२३ मी पूर्णवेळ बालसंगोपन केले. या काळात मी माझ्या मुलाच्या प्रथमपुरुषी क्रियारूपांच्या नोंदी वीस महिने ठेवल्या. त्या मोजताना कर्माशी जुळणारी आणि कर्त्याशी जुळणारी रूपे मी आधी एकत्र धरली होती. ती वेगळी केल्यावर उपयोगी वाक्ये निम्म्याहून कमी उरली. एकाच मुलाच्या, ध्वनिमुद्रणाशिवाय आणि आईनेच टिपलेल्या या नोंदींवरून बदलाचे कारण सांगता येत नाही. घरातल्या मोठ्यांची बोली एकसारखी नसते तेव्हा मूल कोणाचे रूप धरते, हा प्रश्न मला रीतसर अभ्यासायचा आहे.’ यात ‘संयम’ हा शब्द कुठेही नाही. मुलाचे नावही नाही; वय तुम्ही शिकवलेल्या पद्धतीने ३;४, म्हणजे तीन वर्षे चार महिने, असे लिहिले. त्याची आजारपणे आणि रात्रीची जागरणे मी काढून टाकली, कारण ती खरी असली तरी या प्रश्नाशी त्यांचा संबंध नव्हता आणि ती जगाला सांगण्याचा निर्णय पुढे कधीतरी त्याचा असायला हवा.

परिचयपत्रातही मी आधी ‘गृहव्यवस्थापक’ असे पद लिहिले होते. तुम्ही ते काढून साधी नोंद करायला लावलीत: वर्षे, ‘पूर्णवेळ बालसंगोपन’ आणि खाली नोंदवहीबद्दल एक ओळ. वाचणाऱ्याला पदाची शोभा नको असते, वर्षांचा हिशेब लागायला हवा असतो, हे तुमचे बोलणे मी मैत्रिणींना जसेच्या तसे सांगते.

सर्वांत अवघड होते ते शिफारसपत्र. तुम्ही मला शिकवलेत त्याला अकरा वर्षे उलटली होती आणि जुन्या गुणांवर विसंबून पत्र लिहायची तुमची तयारी नव्हती. म्हणूनच तुम्ही ते चार पानी टिपण माझ्याकडून तीन वेळा लिहून घेतलेत, हे मला नंतर कळले. पत्रात तुम्हाला स्वतः नुकतेच पाहिलेले काम लिहायचे होते. मुलाखतीतही विचारणा त्या पत्राच्या अनुषंगानेच झाली. एका सरांनी विचारले, ‘आई म्हणून तुम्हाला जे ऐकायचे होते तेच ऐकू आले नसेल, हे कशावरून?’ मी म्हणाले, की तशी शक्यता आहे; मार्चपूर्वीची ‘मी जातो’ची दोन वाक्ये मात्र माझ्या समजुतीच्या विरोधात जाणारी होती आणि तीही वहीत आहेत, पण जी मी ऐकलीच नाहीत ती किती, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न कोल्हापूरच्या ‘मी जातो’बद्दल विचारला. पुढची दहा मिनिटे आम्ही सासूबाईंच्या बोलीवर बोलत होतो.

ती वही अजून तुमच्याकडेच आहे. वर्ग सुरू होण्याआधी एका रविवारी ती न्यायला येईन. सासूबाईही सोबत येणार आहेत, कारण आपल्या बोलण्यावर चार पाने लिहायला लावणाऱ्या बाई त्यांना पाहायच्या आहेत. तुम्ही दिलेला वेळ, समासातले ते प्रश्न आणि माझ्या घाईच्या निष्कर्षाला घातलेला लगाम, या सगळ्यांसाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे.

आपली विद्यार्थिनी