सोनूच्या ऑफरचं पत्र नीट वाचल्यावर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, सोनूला ब्रिटनच्या विद्यापीठाकडून आलेल्या प्रवेशाच्या पत्राचा तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून तीनदा वाचला. पहिल्या ओळीतलं 'डिलाइटेड' बघून तुम्ही राजारामपुरीभर पेढे वाटलेत, असं आई फोनवर म्हणाली. वाटलेत ते बरंच केलंत. पण त्या ओळीत काही ठरलेलं नाही. शेवटच्या 'स्वागतास उत्सुक आहोत'मध्येही नाही. वसतिगृह लवकर बघा, ही नुसती शिफारस आहे.

खरा मजकूर 'सब्जेक्ट टू', म्हणजे 'या अटींवर', याच्या पुढे आहे. पदवीला किमान 60 टक्के, आणि इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेला एकूण 6.5, पण एकाही विभागात 6 पेक्षा कमी नाही. सोनू 'मला सात पडलेत' म्हणून निवांत आहे. त्याचं गुणपत्रक काढा: ऐकणं 7.5, वाचन 7.5, बोलणं 7, लेखन 5.5. सरासरी 6.875, म्हणून 7 छापलंय. लेखनात तो अडकलाय, म्हणजे अट पूर्ण नाही. एकाच विभागाची फेरपरीक्षा देता येते, पण ती सगळीच विद्यापीठं धरत नाहीत. तेव्हा आधी त्याने ईमेल करून विचारायचं आणि उत्तर जपून ठेवायचं.

आता पैशांचं. 12 जूनपर्यंत 3,000 पौंड डिपॉझिट. ते भरलं आणि अटी पुऱ्या झाल्या, तरच विद्यापीठ सीएएस, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेश पक्का झाल्याचं पत्र, देणार. परताव्याचं कलम मात्र मी दोनदा वाचलं. व्हिसा नाकारला, किंवा पदवीचे गुण कमी पडले, तर पुराव्यासह पैसे परत. इंग्रजीच्या अटीचा त्यात उल्लेखच नाही! उद्या पैसे भरले आणि लेखनात पुन्हा 5.5 आले, तर ते आपले गेलेच समजायचे. म्हणून आई, एफडी आत्ताच मोडू नकोस. आधी परीक्षा, निकाल आला की मग पैसे. निकालाला उशीर झाला, तर 12 जूनच्या आधीच मुदतवाढ मागायची. नंतर मागून उपयोग नाही.

आणि डिपॉझिटच्या तारखेजवळ 'रिसीव्ह्ड बाय' लिहिलंय. म्हणजे आपण पाठवल्याची तारीख नव्हे, त्यांच्या खात्यात जमा झाल्याची. वाटेतल्या बँका आपला आकार कापून घेतात आणि 3,000 चे काही पौंड कमी पोहोचतात. मग ते 'रक्कम अपुरी' म्हणून पत्र धाडतात. बँकेत सांगा, सगळे चार्जेस आपल्याकडून घ्या. शक्यतो आठवडाभर आधी पाठवा.

कागदपत्रांची मुदत 31 जुलै आहे. शिवाजी विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळतं, त्यामुळे प्रोव्हिजनल प्रमाणपत्र चालेल का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारायला सोनूला सांगा. ईमेल पाठवण्याआधी मला दाखवू दे. त्याचं लेखन 5.5 आहे.

तुमची,
ताई