अँटी-डी प्रसूतीपूर्वीही हवे

आरएच निगेटिव्ह मातांवरील आपल्या लेखात अँटी-डी इंजेक्शन प्रसूतीनंतर ७२ तासांत घ्यावे, एवढेच सांगितले आहे. ते अपुरे आहे. बाळ पॉझिटिव्ह असेल, तर त्याच्या रक्तपेशी शेवटच्या तीन महिन्यांत नकळतही आईच्या रक्तात उतरतात आणि तिचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. पहिले बाळ बहुधा सुटते, पुढच्याच्या रक्तपेशी मात्र ती फोडतात. म्हणून ही प्रतिपिंडे शोधणारी कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह असताना, ती तयार होऊ नयेत यासाठी २८व्या आठवड्यात अँटी-डीचा ३०० मायक्रोग्रॅमचा डोस देतात. आमच्या शेजारच्या सुनेचा चौथ्या महिन्यात गर्भपात झाला, तेव्हा कुणी रक्तगटच पाहिला नाही, त्यामुळे इंजेक्शनही दिले गेले नाही. दुसऱ्या खेपेला चाचणी पॉझिटिव्ह आली. प्रतिपिंडे तयार झाल्यावर या इंजेक्शनाचा उपयोग नसतो.

– एक वाचक, धंतोली, नागपूर