आईच्या फोटोवरील नथ, कुडी आणि कुंकवाच्या सदोष कामाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आईच्या जुन्या फोटोवर नथ, कुडी आणि कुंकू लावून देण्याचं काम आम्ही तुमच्याकडे दिलं होतं. दागिने घरचेच, म्हणून डबीतल्या नथीचा आणि कुडीचा फोटोही सोबत पाठवला होता. तुम्ही दिलेली प्रिंट भिंतीवर लावता येण्यासारखी नाही.

मूळ फोटोत आईचा चेहरा आपल्या डावीकडे साधारण ४० अंश वळलेला आहे. उजेड डावीकडच्या खिडकीतून, थोडा वरून येतो. डोळ्यांतला चमकता ठिपका डावीकडे आहे आणि नाकाची सावली उजवीकडे, ओठाच्या कोपऱ्याकडे उतरते. म्हणजे दागिन्यांची सावली कुठे पडायला हवी, ते फोटोच सांगतो. तरीही नथीची सावली तुम्ही डावीकडे पाडली आहे. शिवाय आईच्या डाव्या नाकपुडीची, म्हणजे आपल्या उजवीकडची बाजू फोटोत अंधारात आहे, पण तिथले मोती मात्र फ्लॅश मारल्यासारखे पांढरेशुभ्र दिसतात.

नथ जशी डबीत होती तशीच उचलून नाकावर ठेवली आहे. तारेचं टोक नाकपुडीच्या आत जाऊन दिसेनासं व्हायला हवं. इथे पूर्ण फासा बाहेर दिसतो. नथ घातलेली वाटतच नाही, चिकटवलेली वाटते.

कुंकवाचं तर मला फारच वाईट वाटलं. ते दिसणाऱ्या कपाळाच्या मधोमध लावलं आहे. चेहरा वळला की कपाळाची मधली रेषाही डावीकडे सरकते, म्हणून कुंकू नाकाच्या दांड्याच्या सरळ वर यायला हवं होतं. इतक्या वळणावर गोल कुंकवाची उंची तेवढीच राहते, रुंदी मात्र पाऊणपटच दिसते. तुम्ही पूर्ण गोल ठेवलं आणि खाली सावलीही दिली. कुंकू कातडीलाच लागलेलं असतं, त्याची सावली पडत नाही. कपाळावरचा उजेड-अंधार त्याच्या रंगातून दिसला की पुरे. आई रोज आरशासमोर बोटाने कुंकू रेखायची. ते कपाळापासून सुटून तरंगताना बघवत नाही.

पलीकडचा कान फोटोत दिसतच नाही, तरी गालाच्या कडेला दुसरी कुडी लटकवली आहे. ती काढून टाकावी.

फोनवर तुमच्या माणसाने "मूळ फोटोच जुना आहे" असं सांगितलं. फोटो जुना असल्यामुळे सावलीची दिशा बदलत नाही. जुनेपणाचा संबंध असलाच तर तो एवढाच, की मूळ फोटोतले बारीक दाणे दागिन्यांवरही यायला हवेत. तेही आलेले नाहीत.

वरील दुरुस्त्या जादा पैसे न घेता कराव्यात आणि प्रिंट काढण्याआधी फाइल मला दाखवावी. १५ दिवसांत हे झालं नाही तर पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल. मूळ फोटो, तुमची प्रिंट आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
एक ग्राहक