मुग्धा लग्नाचा विषय का टाळते?

प्रिय सतीश,

पत्र मिळालं. घरच्यांनी लग्नाचं काढलं की मुग्धा उठून जाते, म्हणजे इतक्या वर्षांनंतर तिला मी नकोच आहे का, असं तू विचारतोयस. मला तसं वाटत नाही.

गणपतीत मी तुमच्याकडे मालवणलाच होतो. काकूंनी आधी विचारलं, "काय गो, तुळशीचा लगीन झाला की बार उडवूया मा?" तेव्हा ती चक्क लाजून हसली होती. मग काकू म्हणाल्या, "रत्नागिरीची नोकरी सोड, हयच काय तरी बघूया." तेव्हा ती चहाचे कप गोळा करून आत गेली. तू फक्त तिचं जाणं लक्षात ठेवलंस. ती लग्नाला उठली नाही रे, नोकरी सोडण्याच्या बोलण्याला उठली. मोठ्यांसमोर "लग्नाला हो, नोकरी सोडायला नाही" असं म्हणणं तिला कठीण. म्हणून ती सगळाच विषय टाळते.

अर्थात हा माझा अंदाज. खरं काय ते घरचे नसताना कळेल. तुम्ही दोघंच असता तेव्हा ती पुढचं बोलते का? भाड्याची खोली, पगारातली बचत, तुझी बदली, यात "आपण" असतं का? असेल तर ती तुझ्यापासून पळत नाहीये.

उलट प्रकारही मी जवळून पाहिलाय. माझा मावसभाऊ देवगडचा. आधी म्हणाला, बहिणीचं लग्न होऊ दे. ते झालं. मग आंब्याचा सीझन जाऊ दे, बागेवरचं कर्ज फिटू दे. तेही फिटलं, तर घराचं छप्पर निघालं. एक कारण संपलं की दुसरं तयार, आणि ती मुलगी एकटीने विचारायची तेव्हाही हेच. त्याला लग्न करायचंच नव्हतं, फक्त तोंडाने म्हणवत नव्हतं. तिची फार वर्षं गेली त्यात, मला अजून वाईट वाटतं. थांबायचं कारण खरं असेल तर ते बदलत नाही, आणि त्याला काहीतरी मुदत असते.

तेव्हा सणावाराला नको, तू एकटा रत्नागिरीला जा आणि वेगवेगळं विचार: लग्न करायचंय का, राहायचं कुठे, नोकरीचं काय. लगेच उत्तर आलं नाही तर वेळ दे, पण कधी सांगशील तेही विचारून घे. तो दिवस येऊन गेला, तिने पुढचा दिला आणि तोही तसाच गेला, तर मात्र तो नकार समज.

आणि नोकरीचंच निघालं तर काकूंशी तू बोल. तिला पुढे करू नकोस, आई तुझी आहे. पुढचे पाहुणे यायच्या आत बोल, म्हणजे चारचौघांत पुन्हा तोच प्रश्न तिच्यावर येणार नाही.

भेटून आलास की फोन कर, रात्री कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
विनय